धार मागे सरकते आहे : कुंभार्ली घाट ते रत्नागिरीचा सडा, चार दिवस

दिवस पहिला : घाट उतरताना

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात निघालो. मी आणि माझा भाचा, दोघंच. तो स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या पिशवीत तीस मीटरचा टेप होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. धबधबा मागे कसा सरकतो ते दरवर्षी फळ्यावर काढते. वर कठीण खडक, खाली मऊ खडक, मऊ खडक झिजतो, वरचा आधाराविना तुटतो, धार थोडी मागे जाते, पुढे घळ उरते. चित्र बरोबर आहे. पण आपल्या कोकणात हा मऊ थर नेमका कसला असतो आणि तो कोण झिजवतं, हे हात लावून पाहायचं खूप वर्षं मनात होतं.

कराडहून पाटण, कोयना करत कुंभार्ली घाटात आलो तेव्हा ढग रस्त्यावर उतरले होते. एका वळणावर गाडी बाजूला घेतली, कारण डोंगर कापून केलेल्या भिंतीत एक लाल पट्टी दिसली. विटकरी रंगाची, हातभर जाड, लांबवर जवळजवळ आडवी गेलेली. वर काळा पाषाण, खाली काळपट पण भोकंभोकं असलेला खडक. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो.

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. एक थर आला, थंड झाला, आणि पुढचा यायच्या आधी मधे पुरेसा काळ गेला तर त्याच्या माथ्याची हवापाण्याने माती झाली. त्या मातीवर पुढचा लाव्हा पसरला आणि ती भाजून लाल झाली. तीच ही पट्टी. भाच्याने बोटाने खरवडली तर नखात लाल भुगा आला. वरच्या काळ्या पाषाणावर किल्ली घासली तर किल्लीचीच चकाकी दगडावर उठली. फळ्यावर मी ज्या दोन रेघा मारते त्यांतला फरक इतका असतो.

पट्टीच्या बरोबर वरून पाणी पाझरत होतं. हे विसरू नका, पुढे उपयोगी पडणार आहे.

चिपळूणला पोचायला संध्याकाळ झाली. परशुरामजवळचा सवतसडा महामार्गावरूनच पाहिला. पाऊस परत सुरू झाला होता आणि खाली उतरायची ही वेळ नव्हती. रात्री आत्याकडे तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि भारंगीची भाजी. भारंगी कडू असते, पण आत्या तिला दोनदा उकळून पाणी काढते आणि वर ओलं खोबरं सढळ हाताने घालते.

दिवस दुसरा : मार्लेश्वर

देवरुखहून मारळला सकाळीच पोचलो. (सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. आणि पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा रबरी चपलेपेक्षा पकड असलेला बूट बरा.) गुहेतल्या मार्लेश्वराचं दर्शन घेतलं आणि समोर धारेश्वरची धार पाहत बराच वेळ बसलो. बावनदीचं पाणी इथून खाली येतं. तिन्ही बाजूंनी सह्याद्रीचे कडे आणि मधे ही धार, म्हणजे दरी इथे येऊन बंद होते.

बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, धबधबा मागे जातो तेव्हा काम दोन ठिकाणी चालतं. पहिलं खाली, डोहात. पडणारं पाणी आपल्यासोबत गोटे आणतं आणि ते डोहात गरगर फिरत तळ आणि मागची भिंत घासतात. नुसतं पाणी काळ्या पाषाणाला फारसं काही करत नाही, गोटे करतात. त्यामुळे झीज होते ती मुख्यतः जून ते सप्टेंबरच्या मोठ्या लोंढ्यांमध्ये. डोहाची मागची भिंत मांजऱ्याची किंवा लाल पट्टीची असेल तर ती लवकर पोखरते आणि धारेमागे कपार तयार होते.

दुसरं काम वर, धारेच्या ओठावर. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात उभ्या भेगा पडतात. खालचा आधार गेला की वरचा पाषाण चुरा होऊन पडत नाही, या भेगांवरून आख्खा सुटतो. म्हणून आपल्याकडचे कडे उभे राहतात. आणि थर जवळजवळ आडवे असल्यामुळे धार मागे गेली तरी तिची उंची फारशी कमी होत नाही. मागेही तोच थर त्याच पातळीवर असतो.

मऊ थर नसेल तर? भाच्याने विचारलं. मग पाणी ओठच झिजवत बसतं, कडा तिरपी होत जाते आणि धबधब्याच्या जागी नुसती खळाळती उतरण राहते. धबधबा धबधबा म्हणून टिकायचा तर खालचा खडक वरच्यापेक्षा लवकर झिजायला हवा.

पायथ्याशी फुलांची परडी घेऊन बसलेल्या मावशींकडे शहाळं प्यायलो. त्या म्हणाल्या, "ताई, पाण्याचा आवाज बदलला का आमी उठून पोरांना बोलावतो. पानं नि काटक्या वाहायला लागल्या, पाणी लाल झालं, का मंग थांबायचं नाय." मी हे वर्गात जसंच्या तसं सांगणार आहे. वर घाटमाथ्यावर पाऊस पडलेला असतो, खाली ऊन असतं आणि लोंढा काही मिनिटांत येतो. डोहात उतरलेल्या माणसाला निसटायला तेवढाच वेळ असतो.

धबधबा मागे सरकत आलाय हे कशावरून, हा भाच्याचा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला सड्यावर दाखवायचं होतं. तिथे कडा लहान असतात, जवळ जाता येतं आणि टेप पुरतो.

दिवस तिसरा : सडा आणि चिरेखाण

रत्नागिरीच्या आसपास समुद्राकडे आलं की काळा पाषाण दिसेनासा होतो आणि जांभ्याचे सपाट सडे लागतात. सप्टेंबरात सड्यावर निळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद इतके फुललेले असतात की पाऊल कुठे टाकावं कळत नाही. शक्यतो मळलेल्या वाटेवरूनच चाला. तिथली माती बोटभर जाडीची असते आणि एकदा उखडली की पावसात वाहून जाते.

आत्येभावाच्या ओळखीने एका चिरेखाणीत गेलो. पावसाळ्यात काम बंद होतं, त्यामुळे भिंती शांतपणे पाहता आल्या. जांभा म्हणजे बेसॉल्टच, पण लाखो वर्षांच्या उष्ण, पावसाळी हवेत त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. खाणीतून ताजा काढलेला चिरा कुऱ्हाडीने तासता येतो. उन्हावाऱ्यात पडला की घट्ट होतो. सड्याचा माथा म्हणूनच इतका टणक आहे.

खाण अर्ध्यात थांबलेली होती. मुकादम म्हणाले, "खाली चिरा लागत नाय. माती लागते." खड्ड्याच्या तळाशी पांढरट पिवळसर, मधे मधे जांभळट डागांची चिकणमाती होती. भूशास्त्रात तिला लिथोमार्ज म्हणतात. बेसॉल्ट कुजून तयार झालेली ही माती, वर जांभ्याचं झाकण, खाली कुठेतरी न कुजलेला काळा खडक. कठीण वर आणि मऊ खाली, हे सड्यावर जवळजवळ सगळीकडे ठरलेलंच असतं.

पण एक गोष्ट बेसॉल्टपेक्षा वेगळी आहे आणि माझ्या मते कोकणातले किनाऱ्याजवळचे धबधबे समजायचे तर तीच मुख्य आहे. जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेलं पाणी पोकळ्यांमधून खाली जातं, चिकणमातीवर अडतं आणि त्या सांध्यावरून आडवं वाहत कड्याच्या कपारीतून बाहेर येतं. खाणीच्या भिंतीवर ती रेघ स्पष्ट दिसत होती. वर कोरडा लाल जांभा, खाली ओली माती आणि मधल्या सांध्यावर शेवाळाची हिरवी पट्टी. हे झरणारं पाणी मातीचे बारीक कण घेऊन बाहेर पडतं. वरून धार पडो न पडो, कपार आत आत जात राहते.

म्हणजे इथे धबधबा मागे नेणारे दोन हात आहेत. एक पडणाऱ्या पाण्याचा, तो चार महिने चालतो. दुसरा झिरपणाऱ्या पाण्याचा, तो पाऊस थांबल्यावरही झरा आटेपर्यंत चालू असतो. पहिला धारेच्या खाली पोखरतो, दुसरा कड्याच्या पूर्ण लांबीवर. त्यामुळे झरे जोरात असतील तिथे घळीचं टोक निमुळतं न होता अर्धगोल होतं. तसं टोक दिसलं की झऱ्यांचा हात शोधायचा. मात्र हा नियम टणक बेसॉल्टच्या कड्यांना जसाच्या तसा लावू नये. तिथे झिरपणाऱ्या पाण्याचा वाटा किती, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. चिकणमाती आहे म्हणून इथे तो डोळ्यांना दिसतो.

रात्री काकूंनी तवसाचे घारगे केले होते. सोबत ताजं लोणी.

दिवस चौथा : साकवाखाली

गावाचं नाव देत नाही. तिथल्या लोकांनीच तसं सांगितलं आहे. घळीतल्या झऱ्याचं पाणी ते पितात आणि तिथे गर्दी नको आहे.

सड्यावरून एक पऱ्या येतो आणि कडेवरून खाली पडतो. दगड बांधलेली सुतळी सोडून उंची मोजली, नऊ मीटर भरली. त्यात वरचे पाच मीटर जांभा, खालचे चार चिकणमाती. ओठाखाली कपार अडीच मीटर आत गेलेली. हे माप आम्ही बाजूला उभं राहून लांब बांबूने घेतलं. कपारीत कुणी जाऊ नये, फोटोसाठी तर नाहीच. छत पडायच्या आधी सूचना देईलच असं नाही.

कपारीचा आकार पाहून भाचा स्वतःच म्हणाला, "मावशी, धार एवढीशी आणि कपार केवढी!" धारेची रुंदी दोन मीटरही नव्हती. कपार दोन्ही बाजूंना मिळून पंधरा मीटर तरी पसरली होती आणि तिच्या छताखाली सांध्यावरून थेंब गळत होते. काल खाणीत पाहिलेली शेवाळाची पट्टी इथेही होती.

मग घळीत उतरलो. भिंती दोन्हीकडे उभ्या, मधली वाट दगडांनी भरलेली. धबधबा मागे आल्याचा पुरावा या दगडांत असतो. ओठाजवळचे धोंडे मोठे, कडा धारदार, रंग विटकरी. खाली जावं तसे ते लहान, गोल आणि काळे शेवाळलेले. सगळे जांभ्याचे, म्हणजे वरच्या झाकणाचेच तुकडे. मातीचा एकही गोळा शिल्लक नाही, ती केव्हाच खाडीला गेली. घळीच्या तोंडापर्यंत, जिथे भातशेती सुरू होते तिथवर, असे धोंडे मिळत गेले. टेपने पाच टप्प्यांत मोजलं, दीडशे मीटर. घळ एखाद्या जुन्या भेगेवर आयती उघडली असती तर तिच्यात हे धोंडे असे जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने लागले नसते.

शेतात हळव्या भाताची कापणी चालली होती. बांधावर बसलेले एक आजोबा आमचा टेप पाहून वर आले. वय पंचाहत्तरच्या पुढे. ओठाजवळचा जुना साकव त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. साकवाचा जांभ्याचा जुना पाया अजून आहे. त्याच्यापासून ओठाची कडा आज साठ सेंटिमीटरवर आहे.

"तवा लांब व्हती," आजोबा म्हणाले. "बैलांची जोडी साकवाखाली पाण्यावर न्यायची नि कडेच्या अलीकडंच वळवायची. आज शेरडू वळणार नाय."

भाच्याने शेतातल्या जोडीला लागणारी जागा मोजली. जोडी जुंपलेली असताना वळायला साडेतीन मीटर तरी लागतात. त्यातून आजचे साठ सेंटिमीटर वजा केले तर जवळपास तीन मीटर गेले, साठेक वर्षांत. वर्षाला पाच सेंटिमीटर.

पण आजोबांनी ही सरासरी लगेच दुरुस्त केली. कडा दरवर्षी थोडी थोडी जात नाही. त्यांच्या आठवणीत ती दोनदाच गेली. एकदा २००५ च्या जुलैतल्या महापुराच्या वेळी, दुसऱ्यांदा २०२१ मध्ये, चिपळूण बुडालं त्या पावसात. आणि दोन्ही वेळा भर पुरात नाही, तर पाणी ओसरल्यावर. "चवथ्या दिशी. ऊन पडलेलं. ध्धाड करून आवाज आला, आमाला वाटलं सुरुंग लावला."

मला हे पटतं. पुरात कपार खोल होते आणि जांभा पाण्याने भरून जड होतो. ओठामागच्या भेगेतही पाणी साठतं आणि ते धोंड्याला बाहेर ढकलत राहतं. धोंडा धरून ठेवणारी ओली माती तोवर लोण्यासारखी झालेली असते. शेवटचा हिसका कधी बसेल ते सांगता येत नाही, म्हणून मोठा पाऊस थांबल्यानंतरचा आठवडाभर कड्याखाली जाऊ नये. बहुतेक लोक नेमके तेव्हाच जातात, कारण धार भरलेली असते आणि ऊन असतं.

खाली दोन विटकरी धोंडे वेगळे ओळखू येत होते. त्यातला मोठा आम्ही मोजला. तीन मीटर लांब, दोन रुंद, दीड जाड. नऊ घनमीटर. ओल्या जांभ्याचं वजन घनमीटरला सुमारे दोन टन धरलं तर अठरा टन. तो नेमका धारेखाली पडला आहे. पाणी त्याच्यावर आपटून उडतं, मातीपर्यंत जोराने पोचत नाही. म्हणजे धबधब्याने स्वतःच्याच पायाशी ढाल टाकली आहे आणि ती फुटून वाहून जाईपर्यंत धारेचा हात थंडावणार. नायगारात हेच मोठ्या प्रमाणावर झालं आहे. तिथल्या अमेरिकन धबधब्याच्या पायथ्याशी धोंड्यांचा ढीग साचला. तो काढावा का हे ठरवण्यासाठी १९६९ मध्ये बांध घालून काही महिने तो धबधबा कोरडा केला, खडक तपासला आणि शेवटी ढीग तसाच ठेवला. इथे मात्र झऱ्यांचा हात चालूच आहे. धोंडा त्याला अडवत नाही.

घळ दीडशे मीटर, वेग वर्षाला पाच सेंटिमीटर. भागाकार केला तर तीन हजार वर्षं येतात. हा आकडा मी भाच्याला वहीत लिहू दिला, पण शेजारी कारणंही लिहायला लावली. वेग फक्त दोन पडझडींवरून काढलाय आणि एका माणसाच्या आठवणीवर उभा आहे. जांभा सगळीकडे पाच मीटर जाड असेलच असं नाही. जुना पाऊसही आजच्याइतकाच होता असं धरता येत नाही. शिवाय मागे सरकताना घळीकडे पाणी देणारा सडा लहान होत जातो, म्हणजे वेग पूर्वी जास्त असू शकतो. तेव्हा तीन हजार नव्हे, "काही हजार" एवढंच म्हणावं. तुलनेसाठी, नायगारा सुमारे १२,५०० वर्षांत ११ किलोमीटर मागे गेला, म्हणजे वर्षाला नव्वदेक सेंटिमीटर. तिथे बाराही महिने प्रचंड नदी वाहते. आपला पऱ्या चार महिन्यांचा, तरी एका माणसाच्या आयुष्यात दिसेल इतका चालतो.

तुम्हालाही असा एखादा पऱ्या माहीत असेल तर आधी वरच्या बाजूने, ओठापासून चार-पाच मीटर मागे उभं राहून जमीन पाहा. ओठाला समांतर भेग दिसली, तिच्यात ताजी माती उघडी असेल किंवा झाडाची मुळं ताणलेली असतील, तर तेवढा तुकडा जायच्या तयारीत आहे. इथे तशी एक भेग होती. जुन्या साकवाच्या पायाच्या बरोबर मागून गेलेली, बोट जाईल एवढी रुंद. मी आजोबांना ती दाखवायला गेले.

"म्हायत हाय बाय," ते म्हणाले. "म्हून तर साकव वर नेला."

नवा साकव जुन्यापासून तीस फूट मागे, पऱ्याच्या वरच्या अंगाला आहे, पोफळीच्या ओंडक्यांचा. गावकऱ्यांनी २०२१ च्या दिवाळीनंतर श्रमदानाने बांधला. हा किती टिकेल असं आजोबांनी विचारलं. मी सांगितलं, पाच सेंटिमीटरच्या हिशोबाने शंभरावर वर्षं, पण कडा उड्या मारत मागे येते आणि एका उडीत दीड मीटर जातो, तेव्हा हिशोबापेक्षा भेगेवर लक्ष ठेवा. त्यांना हा हिशोब नीट समजून घ्यायचा होता. भाच्याने वहीत आकृती काढून दिली.

निघण्यापूर्वी नव्या साकवाच्या पायावर तेलरंगाने एक ठिपका केला आणि तिथून ओठापर्यंतचं अंतर मोजलं. नऊ मीटर सत्तर. भेगेची रुंदीही दोन ठिकाणी मोजली, अठरा आणि बावीस मिलिमीटर. हे आकडे आजोबांच्या नातीने घराच्या पडवीत, दाराच्या चौकटीवर खडूने लिहून घेतले. ती नववीत आहे. दसऱ्याला आपट्याची पानं आणायला ती सड्यावर जातेच, तेव्हा दरवर्षी मोजेन म्हणाली. टेप आम्ही तिच्याकडे ठेवून आलो.